मुळाच्या टोकाअलीकडचा अर्धा मिलिमीटर

दाताच्या मुळातील पोकळी साफ करून ती कायमची बंद करण्याची जी क्रिया आज शहरांतच नव्हे, तर तालुक्याच्या गावांतही ‘रूट कॅनाल’ या नावाने सर्वतोमुखी झाली आहे, तिच्यातील खरी अडचण कोणती, असे एखाद्या मुरलेल्या दंतवैद्यास विचारले, तर तो बहुधा भूल देण्याचे, दात कोरण्याचे किंवा वर टोपी बसविण्याचे नाव घेणार नाही. थांबायचे कोठे हे ठरविणे, असेच उत्तर तो देईल. कारण त्याच्या चिमटीत असलेली फाइल नावाची पोलादी काडी, जिचे टोक कित्येकदा मिलिमीटरच्या दशांशाइतकेच जाड असते, ती दाताच्या माथ्यातून आत शिरली की दृष्टीआड होते, आणि तेथून पुढचा वीस-बावीस मिलिमीटरांचा प्रवास त्याला अप्रत्यक्ष पुराव्यांच्या भरवशावर करावा लागतो. दाताच्या माथ्यावरील एका ठरलेल्या बिंदूपासून आत जेथे साफसफाई आणि भरण संपवावयाचे त्या बिंदूपर्यंतचे अंतर म्हणजे दंतवैद्यांच्या बोलीतील ‘वर्किंग लेंग्थ’. तिला आपण कार्यलांबी म्हणू.

ही लांबी मुळाच्या टोकापर्यंतच मोजावी, असे सामान्य माणसाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु निसर्गाची रचना इतकी सरळ नाही. मुळातील नलिका खाली उतरताना निमुळती होत जाते, टोकाच्या थोडे अलीकडे तिचा सर्वांत अरुंद गळा येतो, आणि तेथून पुढे ती पुन्हा रुंदावत बाहेरच्या छिद्राशी उघडते. मेक्सिकोतील युरी कुटलर यांनी मुळांची शेकडो टोके सूक्ष्मदर्शकाखाली तपासून १९५५ साली जे संशोधन प्रसिद्ध केले, त्यात हा गळा आणि बाहेरचे छिद्र यांतील अंतर तरुण माणसांत सरासरीने अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आणि वयस्कांत त्याहून काहीसे अधिक आढळले. वयाबरोबर मुळावर बाहेरून सिमेंटम या पदार्थाचे थर चढत जातात, त्याचा हा परिणाम होय. त्याच संशोधनाने दुसरी एक गोष्ट निदर्शनास आणली, आणि पुढील सर्व विवेचनाची ती किल्लीच आहे : बाहेरचे छिद्र बहुसंख्य दातांत मुळाच्या अगदी शेंड्यावर नसते, तर एका कुशीला सरकलेले असते. हे सरकणे कधी नाममात्र असते, कधी दोन-तीन मिलिमीटरांपर्यंतही जाते. म्हणजे मूळ जेथे संपते आणि नलिका जेथे संपते, ती दोन वेगळी ठिकाणे होत.

त्या जेमतेम पाव मिलिमीटर रुंदीच्या गळ्याशी थांबावे, हा सर्वमान्य दंडक आहे. अलीकडेच थांबलो, तर सडलेला मगज आणि त्यातले जंतू शेवटच्या टप्प्यात तसेच राहतात. पलीकडे गेलो, तर फाइल हाडालगतच्या जिवंत ऊतींना इजा करते, आतला गाळ बाहेर लोटते आणि भरलेला गटापर्चा मुळाबाहेर डोकावतो. या दोन्ही चुकांची किंमत किती, याचा अंदाज स्वीडनमधील स्योग्रेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली दिला. मगज मरून मुळाशी व्रण झालेल्या दातांचा आठ ते दहा वर्षांनी मागोवा घेतला असता, भरण टोकापासून दोन मिलिमीटरांच्या आत थांबलेल्या दातांपैकी ९४ टक्के बरे झालेले आढळले, बाहेर गेलेल्यांपैकी ७६ टक्के, आणि दोन मिलिमीटरांहून अधिक अलीकडे थांबलेल्यांपैकी अवघे ६८ टक्के.

हा बिंदू शोधण्याचे जुने साधन म्हणजे क्ष-किरण चित्र. राँटगेन यांचा शोध लागून चार वर्षेही झाली नव्हती, तोच १८९९ साली न्यू ऑर्लिन्सचे एडमंड केल्स यांनी नलिकेत शिशाची तार घालून तिचे चित्र घेतले आणि तिची लांबी ताडून पाहिली. याच केल्स यांना पुढे किरणांच्या अतिसंपर्काने हाताचा कर्करोग जडला, हे जाता जाता सांगितले पाहिजे. तारेची जागा फाइलने आणि काचेची व फिल्मची जागा आता ‘आरव्हीजी’ या नावाने आपल्या दवाखान्यांत रुळलेल्या संगणकी चित्राने घेतली असली, तरी पद्धतीचा गाभा तोच आहे. उपचारापूर्वीच्या चित्रावर दाताची लांबी मोजावयाची, प्रतिमा थोडी मोठी पडते म्हणून त्यातून एक मिलिमीटर वजा करावयाचा, तेवढ्यावर रबरी स्टॉपर लावून फाइल आत घालावयाची, तिच्यासह दुसरे चित्र घ्यावयाचे आणि फाइलचे टोक मुळाच्या शेंड्यापासून किती अलीकडे वा पलीकडे दिसते ते पाहून फरक दुरुस्त करावयाचा. अखेर शेंड्याच्या सुमारे एक मिलिमीटर अलीकडे मुक्काम ठरवावयाचा.

या शेवटच्या मिलिमीटरात पद्धतीची सगळी मर्यादा दडलेली आहे. चित्राला मुळाचा शेंडा दिसतो. नलिकेचे तोंड दिसत नाही, आणि अरुंद गळा तर मुळीच दिसत नाही. एक मिलिमीटर वजा करणे म्हणजे कुटलर यांच्या सरासरीवर समोरच्या दाताची बोळवण करणे होय. त्यातही चित्र हे त्रिमितीय वस्तूची सपाट छाया असल्यामुळे छिद्र मुळाच्या पुढच्या किंवा मागच्या कडेस असेल तरच त्याचे सरकणे लक्षात येते. ते गालाकडे किंवा टाळूकडे, म्हणजे किरणांच्याच रेषेत सरकलेले असेल, तर चित्र कितीही स्वच्छ आले तरी त्याचा मागमूस लागत नाही. वरच्या दाढांवर गालाच्या हाडाची छाया पडून शेंडाच दिसेनासा होतो, हा आणखी एक त्रास. फिल्म वा संवेदक दाताच्या समांतर न ठेवता तिरपा ठेवला आणि किरणांचा कोन चुकला, तर दात लांबोडा किंवा आखूड दिसतो. आणि ८ किंवा १० क्रमांकाची फाइल इतकी बारीक असते की, तिचे टोक चित्रात विरून जाते व ती आहे त्याहून आखूड भासते. म्हणूनच चित्रासाठी निदान १५ क्रमांकाची फाइल आत असावी असा प्रघात पडला आहे, आणि तो पाळला न गेल्याने झालेले घोटाळे मी थोडेथोडके पाहिलेले नाहीत.

विजेच्या साहाय्याने हा शेवट शोधता येईल, ही कल्पना कस्टर यांनी १९१८ सालीच मांडली होती. परंतु तिला पाया मिळाला तो जपानात. १९४२ साली सुझुकी यांना कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करताना असे आढळले की, नलिकेतील धातूची शलाका आणि तोंडाच्या आतील अस्तरावर टेकविलेले दुसरे अग्र यांच्यामधील विद्युत्-रोध ठरावीक राहतो. सुनादा यांनी १९६२ साली हेच तत्त्व माणसाच्या दातांना लावून दाखविले : फाइलचे टोक मुळाच्या शेवटी दाताभोवतीच्या ऊतींना टेकले की, दात कोणताही असो वा माणूस कोणत्याही वयाचा असो, रोध सुमारे ६.५ किलोओहम भरतो. याचे कारण असे की, दाताचे कठीण द्रव्य विजेला अडविते आणि मुळाबाहेरची ओलसर ऊती तिला वाट देते. शलाका भिंतींच्या आडोशातून बाहेरच्या ओलाव्याला जेथे भिडते, ती हद्द यंत्राला कळते.

सुनादा यांच्या तत्त्वावरची पहिली यंत्रे कोरड्या नलिकेत बरी चालत. पण नलिकेत रक्त, पू किंवा सोडियम हायपोक्लोराइटचे धावन असले की, तो द्रवच विजेला वाट करून देई आणि यंत्र वेळेपूर्वीच शेवट आल्याचे जाहीर करी. रोगट दाताची नलिका कोरडी असणे हा अपवादच असल्यामुळे बरीच वर्षे ही यंत्रे सर्वसाधारण व्यवहारात रुजली नाहीत. ही कोंडी फोडणारी युक्ती फार सुंदर आहे. कोबायाशी आणि सुदा यांनी १९९४ साली जिचे वर्णन केले, त्या पद्धतीत ४०० हर्ट्झ आणि ८ किलोहर्ट्झ अशा दोन वारंवारतांचे प्रवाह एकाच वेळी सोडून प्रत्येकाला होणारा अडथळा मोजतात आणि त्या दोहोंचे गुणोत्तर काढतात. नलिकेत द्रव आला तर दोन्ही अडथळे एकदमच बदलतात, त्यामुळे गुणोत्तरावर त्याचा परिणाम फारसा होत नाही. फाइल वरच्या भागात असेपर्यंत ते एकाच्या जवळ राहते आणि ती अरुंद गळ्याशी पोहोचली की झपाट्याने उतरून ०.६७ च्या आसपास येते. आजचे बहुतेक एपेक्स लोकेटर या कल्पनेचे वंशज आहेत. ओठाच्या कोपऱ्यात एक धातूची आकडी अडकवितात, दुसरी चिमटी फाइलला लावतात आणि पडद्यावरची खूण सरकू लागते.

येथे एक गैरसमज इतका रूढ आहे की, त्यावर थोडे थांबले पाहिजे. या यंत्रांच्या पडद्यावर ‘०.५’ असा आकडा असतो, आणि तो दिसताच फाइल छिद्रापासून बरोबर अर्धा मिलिमीटर अलीकडे आहे असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो आकडा मिलिमीटर नव्हे. यंत्राच्या स्वतःच्या मोजपट्टीवरील ती एक खूण आहे. यंत्राला भरवशाने ओळखता येणारी जागा एकच, ती म्हणजे बाहेरच्या ऊतीशी प्रत्यक्ष गाठ पडण्याची, म्हणजे पडद्यावरील ‘०’ किंवा ‘एपेक्स’ ही खूण. तेव्हा फाइल हलक्या हाताने त्या खुणेपर्यंत न्यावी, आकडा काही क्षण स्थिर राहतो याची खातरी करून घ्यावी, स्टॉपर दाताच्या माथ्याला टेकवावा, फाइल बाहेर काढून पट्टीवर मोजावी आणि आलेल्या लांबीतून अर्धा ते एक मिलिमीटर स्वतः वजा करावा, हा मार्ग मला अधिक विश्वासार्ह वाटतो. वजाबाकी यंत्राने केली आहे असे मानून आपली विसरणे हा या क्षेत्रातील सर्वांत स्वस्त प्रमाद आहे.

तर असे हे दोन साक्षीदार : एकाने मुळाची छाया पाहिली आहे पण नलिकेचे तोंड पाहिलेले नाही, दुसऱ्याला तोंडाचा स्पर्श कळला आहे पण मुळाचा आकार, वळण किंवा शेजारची नलिका यांचा त्याला गंध नाही. दोघांच्या जबान्या जुळल्या की प्रश्नच मिटतो. जुळल्या नाहीत म्हणजे पुष्कळजण दोन आकड्यांची सरासरी काढून मोकळे होतात, आणि तेथेच सर्वांत मोठी चूक होते. कारण दोघेही एकच गोष्ट सांगत नसताना त्यांच्या मधली लांबी ही कोणत्याही खऱ्या जागेची लांबी नसते. तफावत का पडली हे शोधणे, एवढाच त्यावर उपाय आहे. ते कसे शोधतात हे एका उदाहरणाने पाहू.

समजा, चाळिशीच्या एका स्त्रीची वरची डावी पहिली मोठी दाढ आहे. गालाकडे दोन मुळे, टाळूकडे एक, आणि दाढेच्या पुढच्या अंगास चांदीमिश्रणाचे जुने भरण. पूर्वचित्रावर टाळूकडील मुळाची लांबी २२ मिलिमीटर भरते, म्हणून पहिला अंदाज २१ चा. नलिकेचा वरचा अर्धा भाग प्रथम रुंद करून, २० क्रमांकाची फाइल आत सरकविली असता पडद्यावरची खूण क्रमाक्रमाने पुढे येते आणि २०.५ मिलिमीटरवर शून्याशी स्थिरावते. अर्धा वजा करून २० वर स्टॉपर लावून चित्र घेतले, तर फाइलचे टोक शेंड्यापासून चांगले दोन मिलिमीटर अलीकडे दिसते. यंत्र म्हणते पोहोचलो, चित्र म्हणते अजून वाट आहे. आणि अशा वेळी फाइल आणखी दीड मिलिमीटर आत रेटण्याचा मोह अनावर होतो.

तो आवरून प्रथम यंत्राचीच उलटतपासणी करावयाची. २५ क्रमांकाची थोडी जाड फाइल घेऊन मोजले, तरी शून्य २०.५ वरच येते. खूण सावकाश सरकत आली, मध्येच उसळली नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. मग पेपर पॉइंट, म्हणजे शोषक कागदाची बारीक वात, कोरड्या केलेल्या नलिकेत २० मिलिमीटरपर्यंत घातली तर ती कोरडी बाहेर येते, आणि २१ पर्यंत घातली तर टोकाशी रक्ताचा ठिपका उमटतो. म्हणजे नलिका खरोखरच तेथे संपली आहे. उलगडा असा की, वरच्या पहिल्या दाढेचे टाळूकडील मूळ शेवटी पुष्कळदा गालाकडे वळलेले असते; हे वळण किरणांच्या रेषेत असल्यामुळे चित्रात मूळ सरळ दिसते आणि कुशीला उघडणारे छिद्र लपून राहते. येथे यंत्राचे खरे मानावयाचे आणि २० ही लांबी कायम करावयाची. चित्राचे ऐकून २१.५ पर्यंत गेलो असतो, तर फाइल छिद्राबाहेर एक मिलिमीटर गेली असती, आणि चित्रात मात्र सर्व काही यथास्थित दिसले असते.

त्याच दाढेच्या गालाकडील पुढच्या नलिकेत नेमके उलटे घडते. १० क्रमांकाची फाइल १४ मिलिमीटरवर असतानाच यंत्राची खूण एकाएकी शून्यापलीकडे उडी मारते आणि शिटी वाजू लागते, वास्तविक पूर्वचित्राप्रमाणे लांबी २० च्या जवळपास असावयास हवी. येथेही यंत्र आखूड सांगत आहे आणि चित्र लांब. वरवर तक्रार तीच आहे, पण हकीकत वेगळी. खूण क्रमाने आली नाही, उसळून आली, हा पहिला संशय. फाइलचा दांडा दाढेच्या पुढच्या अंगास असलेल्या चांदीच्या भरणाला टेकला आहे, आणि वीज मुळाच्या टोकाकडे न जाता धातूतून व हिरडीतून परभारे परतली आहे, हे बारकाईने पाहिल्यावर दिसते. भरण काढून टाकले, दातावरचे रबरी आवरण नीट बसवून लाळ अडविली, वरच्या पोकळीतील धावन कापसाने टिपून घेतले आणि द्रव फक्त नलिकेत राहू दिला, की तीच फाइल आता १९.५ वर शांतपणे शून्य दाखविते. पोकळी द्रवाने तुडुंब भरलेली असणे, हेही अशाच उसळीचे नित्याचे कारण असते. मुळाला मध्येच भोक पडले असेल किंवा मूळ चिरलेले असेल, तरीही यंत्र अकाली शून्य दाखविते. पण तेव्हा पोकळी कोरडी करूनही आकडा तेथेच राहतो आणि पेपर पॉइंटवर रक्त टोकाला न येता बाजूला येते. उलट यंत्र काहीच बोलत नसेल, तर आकडी, चिमटी आणि बॅटरी आधी पाहावी, आणि त्या ठीक असतील तर नलिका कोरडीठाक, चुन्याने भरलेली किंवा जुन्या गटापर्च्याने अडलेली आहे असे समजावे.

या नलिकेसाठी आता १५ क्रमांकाची फाइल घालून चित्र घ्यावयाचे, आणि येथे चित्राचे माहात्म्य कळते. क्ष-किरणांची नळी थोडी पुढे किंवा मागे सरकवून तिरपे चित्र घेतले असता फाइल मुळाच्या मध्यावर न दिसता एका बाजूस दिसते, त्यावरून त्याच मुळात टाळूच्या बाजूला दुसरी नलिका असावी हा तर्क निघतो, आणि वरच्या पहिल्या दाढेत तो बहुधा खरा ठरतो. एपेक्स लोकेटर हे जन्मात सांगू शकला नसता. ज्या नलिकेत फाइल घातलीच नाही तिच्याविषयी तो मुका असतो. म्हणून यंत्र आले, आता फाइलसह चित्र घेण्याचे कारण उरले नाही, हे मत मला मान्य होत नाही. लांबीच्या बाबतीत यंत्राला अग्रमान द्यावा, पण वळण आणि नलिकांची संख्या यांसाठी एक चित्र हवेच.

एवढ्याने लांबी कायमची ठरली असे मात्र नाही. वाकड्या नलिकेत फाइली जसजशा जाड होत जातात तसतशी ती सरळ होत जाते, आणि सरळ वाट वाकड्या वाटेपेक्षा आखूड असल्यामुळे कार्यलांबी अर्धा-एक मिलिमीटर कमी होते. आपल्या उदाहरणातील गालाकडील नलिकेत आरंभी शून्य १९.५ वर आले होते, म्हणून १९ ही लांबी धरली. साफसफाई संपताना पुन्हा मोजले तर शून्य १९ वर येते, आणि कार्यलांबी १८.५ धरावी लागते. जुन्या आकड्यावरच काम रेटले, तर शेवटच्या जाड फाइली गळा फोडून बाहेर जातात आणि गटापर्चा भरताना त्याला थांबण्यास कोठे अटकावच उरत नाही. वरचा भाग आधी रुंद करून मग लांबी घेतली, तर ही घट बरीच कमी होते. उलट प्रकारची एक हानीही असते : कोरलेल्या दाताचा भुगा शेवटी साचून घट्ट होतो, फाइल पूर्वीइतकी आत जात नाही, आणि आरंभी मिळालेली लांबी हरवते. प्रत्येक फाइलनंतर धावन आणि मध्येमध्ये बारीक फाइलने वाट मोकळी ठेवणे, हाच त्याला उतारा.

आणखी एक साधीशी गोष्ट. स्टॉपर ज्या बिंदूवर टेकविला तो केसपेपरवर नोंदविला नाही, किंवा तो बिंदू म्हणून कीड लागलेले पातळ टोक निवडले आणि दोन भेटींच्या दरम्यान ते रुग्णाच्या जेवणात तुटले, तर काटेकोरपणे काढलेल्या सगळ्या आकड्यांची किंमत शून्य होते. म्हणून दुबळी टोके आधीच घासून सपाट करावीत, आणि नोंद अशी असावी : टाळूकडील नलिका, पुढचे टाळूकडील टोक, २० मिलिमीटर, २५ क्रमांक.

यंत्र आणि चित्र दोन्ही जेथे थकतात, अशी एक जागा शेवटी सांगितली पाहिजे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा पुढचा दात खेळताना आपटून तुटला आणि मगज मेला, तर मुळाची वाढ अर्धवटच राहते. अरुंद गळा अद्याप घडलेलाच नसतो आणि टोक तोंड उघडे ठेवून असते. रुंद तोंडाशी बारीक फाइलची भिंतीशी गाठ पडत नाही, म्हणून लोकेटर पुष्कळदा लांबी आखूड सांगतो. जाड फाइल घेतली तर काही वेळा तो सुधारतो, काही वेळा नाही. चित्रातही टोकाची कड पुसट असते, कारण गालाकडची आणि टाळूकडची भिंत सारख्या लांबीची नसते. अशा दातात जाड पेपर पॉइंट उलटा करून बोथट बाजूने सावकाश आत सोडतात, आणि ओलावा किंवा मुलाची किंचित हालचाल दिसताच थांबून ती लांबी चित्राशी ताडून पाहतात.